दोन पंपांची कोटेशनं आणि अर्धवट उघडा व्हॉल्व्ह

प्रश्न: कूलिंगच्या पाण्यासाठी पंप घ्यायचा आहे. दोन कोटेशनं आली आहेत, एक दुसऱ्याच्या दीडपट, पण एफिशियन्सी जास्त. साहेब म्हणतात स्वस्तातला घ्या. वीज, देखभाल, शेवटी भंगार हे सगळं धरून आयुष्यभराचा खर्च कसा काढून दाखवू?

उत्तर:

हा हिशोब मी एकदा अगदी बरोबर केला आणि तरीही फसलो. तेव्हा आमचेच आकडे मांडतो. पैशांऐवजी सगळं विजेच्या युनिटांत लिहितो, म्हणजे पंप 20,000 युनिटांना पडला असं म्हटलं की तेवढ्या विजेचं बिल होईल इतकी त्याची किंमत. तुमचा वीजदर टाकला की तुमचे आकडे मिळतील.

आमची मागणी होती तासाला 100 घनमीटर पाणी, 45 मीटर हेड, वर्षाला 6000 तास. स्वस्त पंपाची एफिशियन्सी 68 टक्के आणि सोबत 91.6 टक्क्यांची मोटर, किंमत 20,000 युनिटं. महागाची 75 टक्के, मोटर 93 टक्के, किंमत 30,000. पंप किती किलोवॅट ओढेल ते या एका ओळीत निघतं:

```
P = Q × H / (367 × ηp × ηm)
```

Q तासाला घनमीटरमध्ये, H मीटरमध्ये, पुढच्या दोन एफिशियन्सी पंपाची आणि मोटरची, टक्क्यांत नाही तर 0.68 अशा. हे साध्या पाण्यासाठी. द्रव जड असेल तर वर त्याच्या विशिष्ट गुरुत्वाने गुणा. स्वस्त पंप 19.7 किलोवॅट ओढणार होता, महाग 17.6. फरक 2.1 किलोवॅटचा, म्हणजे वर्षाला 12,600 युनिटं. वरचे दहा हजार दहा महिन्यांच्या आत वसूल.

साहेबांना मात्र सगळा काळ धरून दाखवा. आम्ही 15 वर्षं धरली आणि महागाई वगळून 8 टक्के व्याजदर. मग दर वर्षी येणारा खर्च 15 ने नाही, 8.56 ने गुणायचा, कारण दहा वर्षांनी भरायच्या बिलाचं आजचं मोल कमी असतं. स्वस्त पंपाची वीज अशी 10.12 लाख युनिटं झाली, महागाची 9.04 लाख. बसवणं, पाइप, फाउंडेशन दोन्हीला सारखंच, 8,000. देखभाल वर्षाला 3,000 धरली, ती 15 वर्षांत 25,700. एकूण 10.65 लाख विरुद्ध 9.68 लाख. स्वस्त पंपाच्या या बेरजेत त्याची स्वतःची किंमत दोन टक्केसुद्धा नाही, 95 टक्के वीज आहे.

भंगाराची ओळ एका मिनिटात उरकते. पाण्याच्या पंपाचं बीड आणि मोटरचं तांबं विकून उलट काहीतरी हातात येतं, आणि 15 वर्षांनी येणाऱ्या रकमेचं आजचं मोल तिच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी (0.315). ॲसिड किंवा विषारी द्रवाचा पंप असेल तर गोष्ट वेगळी. तो धुऊन निर्धोक करून द्यायचा खर्च आधीच विचारून घ्या.

आम्ही महाग पंप घेतला. मीटर लावून पाहिलं तर 17.6 किलोवॅट, अगदी हिशोबाबरहुकूम. मी खूश. साधारण वर्षाने पाळीवरच्या ऑपरेटरने मला पंपहाउसमध्ये नेलं. डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या चाकाला साखळी घालून कुलूप लावलेलं, चाकावर पिवळ्या रंगाची खूण, आणि व्हॉल्व्ह जेमतेम एक तृतीयांश उघडा. "साहेब, पूर्ण उघडला की मोटर ट्रिप होते, म्हणून हा इथेच असतो." व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना गेज होते. अलीकडचा 4.6 किलो दाखवत होता, पलीकडचा 3.3. मध्ये 1.3 किलो, म्हणजे 13 मीटर हेड, नुसतं त्या व्हॉल्व्हमध्ये जिरत होतं. आमच्या लाइनला 45 मीटर कधी लागतच नव्हते. लागत होते 32.

मग 45 आले कुठून, हे मी जुने कागद काढून शोधलं. प्रोसेसवाल्यांचा हिशोब 32 चा होता. त्यांनी सुरक्षेसाठी 10 टक्के वाढवले, 35. पाइपिंगच्या ड्रॉइंगवर पुढे बदल होतील म्हणून आणखी 15 टक्के, साडेचाळीस. कागद माझ्याकडे आला तेव्हा मीच वर 10 टक्के टाकले आणि गोळाबेरीज 45 केली. प्रत्येकाला वाटलं की मार्जिन आपणच ठेवतोय.

यात कपाळावर हात मारण्यासारखी गोष्ट अशी की पंपाला काहीच त्रास नव्हता. व्हॉल्व्हने दाबल्यामुळे तो बरोबर 100 घनमीटर आणि 45 मीटरवर, म्हणजे त्याच्या सगळ्यात चांगल्या बिंदूवर चालला होता. आवाज नाही, सील गळत नाही, एफिशियन्सी कागदाप्रमाणे. बिघाड असता तर कोणीतरी बघितलं असतं. 17.6 पैकी साधारण 5 किलोवॅट वर्षभर पाणी घुसळण्यात जात होते आणि माझ्या तक्त्यात ते कामाची वीज म्हणून मांडलेले होते.

आता तीच तुलना 32 मीटरवर करून बघा. महाग जातीचाच पण लहान मापाचा पंप, 74 टक्के, 15 किलोवॅटची मोटर 92.1 टक्के: ओढतो 12.8 किलोवॅट. किंमत 25,000 धरली तर 15 वर्षांचा एकूण खर्च 7.16 लाख. आणि स्वस्त जातीचा लहान पंप, 68 टक्के, मोटर 90.6 टक्के: 14.2 किलोवॅट, किंमत 16,000, एकूण 7.79 लाख. म्हणजे योग्य हेडचा स्वस्त पंप, चुकीच्या हेडच्या महाग पंपापेक्षा जवळपास 1.9 लाख युनिटांनी सरस. मी ज्या फरकासाठी भांडलो तो 97 हजारांचा होता.

म्हणून तुमच्या तक्त्यात वीज भरताना कोटेशनवरचं हेड घेऊ नका. जुना पंप चालू असेल तर गेज बघा: डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या आधीचा, नंतरचा आणि सक्शनचा. सक्शनच्या पाण्याच्या पातळीपासून वर चढवायची खरी उंची मोजा, पाइपातला घर्षणाचा तोटा वेगळा काढा आणि मार्जिन एकदाच, एकाच माणसाने, नावानिशी टाकावं. पाइपलाइन नवीच असेल तर दोन्ही पुरवठादारांकडून पूर्ण कर्व्ह मागवा, एकटा आकडा नको.

कर्व्ह मागताना चाचणीची ग्रेडही विचारा. आयएसओ 9906 प्रमाणे ग्रेड 1बी मध्ये एफिशियन्सी सांगितल्यापेक्षा 3 टक्क्यांपर्यंत कमी आली तरी पंप पास होतो, ग्रेड 2बी मध्ये 5 टक्क्यांपर्यंत. हे टक्के त्या आकड्याचे, म्हणजे 2बी मध्ये 68 चा पंप 64.6 ला सुद्धा पास. एकाने 1बी ची आणि दुसऱ्याने 2बी ची हमी दिली असेल तर त्यांच्या आकड्यांची थेट तुलना करणं चूक. दोघांचे हमीचे किमान आकडे घेऊन हिशोब करा.

देखभालीची ओळ मी वर सारखी धरली, पण तिचा खरा परिणाम विजेच्या ओळीत दिसतो. वेअर रिंग झिजली की इंपेलरमधून निघालेलं पाणी फटीतून मागे सक्शनला जातं आणि एफिशियन्सी हळूहळू घसरते. आमच्या लहान पंपात 74 चे 69 झाले तर वर्षाला साडेपाच हजार युनिटं जास्त लागतात, वर्षभराच्या देखभालीला धरलेल्या 3,000 च्या जवळपास दुप्पट. पंप चालतोय ना, मग कशाला उघडायचा, असं म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवता येतो. व्हॉल्व्ह तिथेच असताना प्रवाह आणि हेड दोन्ही कमी दिसायला लागले की रिंग तपासायची वेळ आली असं समजा. पंप थांबल्यावर उत्पादन थांबत असेल आणि स्टँडबाय नसेल तर मात्र बंद पडण्याची ओळ वेगळी मांडा. ती विजेच्याही वर जाऊ शकते.

साहेबांचंही एका बाबतीत बरोबर ठरू शकतं. पंप वर्षाला किती तास चालणार? आमच्या दोन कोटेशनांत वरचे दहा हजार वसूल व्हायला 15 वर्षं दर वर्षी निदान 556 तास तरी पंप चालायला हवा होता. आगीसाठीचा किंवा क्वचित लागणारा पंप असेल तर स्वस्तातलाच घ्या, तिथे हा हिशोब उलटा पडतो.

आम्ही आमचा पंप टाकला नाही. जादा इंपेलर मागवला आणि तो लेथवर छाटून बसवला. मूळचा डब्यात ठेवला. छाटताना एक लक्षात ठेवा: हेड व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात, या सूत्राने आलेल्या मापाएवढं पहिल्याच वेळी कापलं तर हेड अपेक्षेपेक्षा खाली जातं. आम्ही आधी थोडं कमी कापलं, चालवून पाहिलं, मग उरलेलं काढलं. एवढी खोल छाटणी केली की इंपेलर आणि केसिंगमधली जागा वाढते, तशी आमची एफिशियन्सी 71 वर आली आणि मोटरही मोठीच राहिली. तरी 13.3 किलोवॅटवर काम भागतं, वर्षाला 25,800 युनिटं वाचतात. व्हॉल्व्ह आता पूर्ण उघडा आहे, साखळी मात्र अजून चाकाला तशीच लटकते आहे.