विकलेल्या मालावर स्टॉक रिझर्व्ह कशाला?

प्रश्न: मिक्सर, पंखे हप्त्यावर विकतो. सगळा माल गिऱ्हाइकाकडे गेला, मग स्टॉक अँड डेटर्स पद्धतीत शेवटच्या स्टॉकवर रिझर्व्ह कशाला? आणि परत उचलून आणलेला माल कुठे दाखवायचा?

माल गिऱ्हाइकाच्या घरी गेला, मालकी गेली नाही. शेवटचा हप्ता येईपर्यंत तो तुमचाच स्टॉक आहे, आणि वहीत तो हप्त्याच्या किमतीला बसलाय. म्हणून त्यातला न कमावलेला नफा बाहेर काढावाच लागतो.

आमच्या इतवारीतल्या दुकानात यावरूनच काकाजींशी माझं वाजलं. १०० मिक्सर १,५०० ने घेऊन हप्त्यावर २,००० ला दिले होते, महिन्याला २०० प्रमाणे दहा हप्ते. काकाजींनी ३१ मार्चला सगळा ५०,००० नफा भागीदारांत वाटायला काढला. मी आडवा आलो आणि वही पुढे ठेवली.

हायर पर्चेस स्टॉक खात्याच्या नावे २,००,०००. तोवर मुदत भरलेले हप्ते १,२०,०००, ते तिथून उचलून डेटर्सच्या नावे टाकले. उरले ८०,०००, म्हणजे ज्यांची तारीखच आली नाही असे हप्ते. २,००० मागे नफा ५००, म्हणजे चौथाई. ८०,००० ची चौथाई २०,०००. ती ॲडजस्टमेंट खात्याच्या नावे आणि स्टॉक रिझर्व्हला जमा. ५०,००० मधून २०,००० गेले, नफा ३०,०००. पडताळा सोपा आहे: १,२०,००० ची चौथाई तेवढीच येते. ताळेबंदात स्टॉक ६०,०००, खरेदीच्या भावाने.

मुनीमजींनी १,५०० वर ५०० असा तिसरा हिस्सा धरला होता, रिझर्व्ह २६,६६७ आला. पडताळा जमला नाही तिथेच ते पकडलं गेलं. खरेदीवरचा दर हप्त्याच्या किमतीला लावायचा नसतो.

मग काकाजी म्हणाले, थकलेल्या ८,००० वरही रिझर्व्ह काढ. मुळीच नाही! त्या हप्त्यांची मुदत झाली, नफा धरला गेला. बुडण्याची भीती असेल तर बुडीत कर्जाची तरतूद वेगळी करा. आणि पुढच्या वर्षी हाच २०,००० चा रिझर्व्ह ॲडजस्टमेंटच्या जमेला आणायला विसरू नका, नाहीतर तो नफा कायमचा अडकतो.

घरातलं मोठं माणूस म्हणतं म्हणून पूर्ण ५०,००० उचलू नका. २०,००० भांडवलातून जातात आणि नवा माल भरायच्या वेळी हात रिकामे राहतात. काकाजींना हे अजूनही पटलेलं नाही, पण त्या वर्षी वाटणी ३०,००० चीच झाली.

परत आणलेल्या मालाचे थकलेले आणि न आलेले, दोन्ही हप्ते वेगळ्या खात्यात काढा, तेही रिझर्व्ह काढायच्या आधी. तिथे माल आजच्या भावाने धरा, फरक ॲडजस्टमेंटला. हे सगळं लहान वस्तूंपुरतं हं. गाडी, ट्रॅक्टर असेल तर रोख किंमत आणि व्याज वेगळं लिहावं लागतं. पंख्यावरचा नफ्याचा दर वेगळा असेल तर त्याचा स्टॉकही मिक्सरपासून वेगळा ठेवा.