तीन पुड्या आणि एक कोड

बाळा,

शेंगाचटणीच्या पुड्या वीस जणांना फुकट वाटायच्या आणि प्रत्येकाकडून रील मागायचं, हा तुझा बेत वाचला. तसं करू नकोस. पुडी चव पाहण्यासाठी द्यायची असते, ती मजुरी नव्हे. रील करायला बाईचा अख्खा दिवस जातो. पाच जण निवड, प्रत्येकी तीन पुड्या पाठव, आणि "आवडली नाही तर काही करू नका" असं स्पष्ट लिही. ज्यांना खरंच आवडेल त्यांच्याशीच पैशाचं बोल.

निवड करताना मी एकदा चांगलीच फसले. साठ हजार फॉलोअर असलेल्या एका विनोदी पोराला सहा हजार दिले आणि ऑर्डरी आल्या पाच. लोक त्याच्याकडे हसायला येत होते, जेवण शोधायला नव्हे. आता मी आधी इन्स्टाग्रामच्या इनसाइट्सचा स्क्रीनशॉट मागते. बघणारे कुठल्या शहरांतले आहेत, ते त्यात दिसतं. मग कमेंट वाचते. नुसते बदाम असतील तर सोडून देते, "ताई, कुठे मिळेल?" असं विचारणारे असतील तर थांबते.

सोलापूरच्या एका बाईचे फॉलोअर जेमतेम नऊ हजार. दोन हजार ठरले, निम्मे आधी, निम्मे रील टाकल्यावर. पुड्या आणि कुरिअर मिळून साडेतीनशे. म्हणजे खर्च २,३५०. तिला वेगळा कोड दिला, दहा टक्के सवलतीचा. सवलत वजा जाता एका ऑर्डरीमागे माझ्या हाती ९० रुपये उरायचे. पहिल्या महिन्यात ऑर्डरी १४, म्हणजे १,२६०. मी कपाळावर हात मारला. पण दुसऱ्या महिन्यात त्याच कोडवर आणखी १५ आल्या, त्यातल्या बऱ्याच जुन्याच गिऱ्हाइकांच्या. एकूण २,६१०. फायदा २६० रुपयांचाच, पण गिऱ्हाईक टिकलं. म्हणून हिशोब साठ दिवसांनी मांडायचा. कोड टाकायला विसरणारेही असतात, तेव्हा व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेताना "कुठे पाहिलंत?" एवढं विचारून वहीत लिही. व्ह्यूज मात्र त्या वहीत लिहू नकोस, त्यांनी तेलाचं बिल भागत नाही.

पैसे दिलेस किंवा नुसत्या पुड्या दिल्यास, तरी रीलवर 'जाहिरात' असं ठळक दिसलं पाहिजे. २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेचा तसा नियमच आहे. फुकट मालही त्यात येतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. काय बोलायचं ते तिच्यावर सोड. "जरा तिखट आहे" म्हणाली तर म्हणू दे, मुलांसाठी घेणाऱ्यांची नंतरची तक्रार तेवढी वाचते. फक्त घटक आणि टिकण्याचा काळ चुकीचा सांगू नये, म्हणून तो लिहून दे.

तिचा व्हिडिओ आपल्या पेजवर जाहिरात म्हणून चालवायचा असेल तर आधी विचार आणि त्याचे वेगळे पैसे दे. मी न विचारता चालवला होता. तिने भांडण केलं नाही, फक्त पुढच्या वेळी फोन उचलला नाही.

पाच नावं ठरली की मला पाठव, कमेंट मीही वाचून बघते.

तुझी,
मावशी