जुलैच्या नाइट ट्रेकसाठी हेडलॅम्प

प्रश्न : जुलैमध्ये पहिल्यांदाच कळसूबाईचा नाइट ट्रेक करणार आहे. हेडलॅम्प किती लुमेनचा घेऊ? झोत कसा हवा? चार्जिंगचा बरा की सेलचा? आणि पावसात टिकेल ना?

उत्तर :

जुलै म्हणालात, म्हणून आधी धुक्याचं सांगते. मी पावसाळ्यात पहिल्यांदा पायथ्याच्या बारी गावातून चढले तेव्हा खूप लांब झोत जाणारा हेडलॅम्प घेतला होता. गावाबाहेर पडेपर्यंत मजेत होते. पहिल्या शिडीच्या वर ढगात शिरलो आणि समोर नुसती पांढरी भिंत उभी राहिली. झोत वाढवला तर ती आणखी पांढरी झाली, पायाखालचा दगड काही दिसेना. धुक्यातले पाण्याचे थेंब उजेड उलटा फेकतात, आणि दिवा कपाळावर, डोळ्यांच्या अगदी जवळ असल्यामुळे तो थेट डोळ्यांतच येतो.

त्यावर उपाय एकच : उजेड कमी करायचा आणि दिवा डोळ्यांपासून खाली न्यायचा. पायवाटेवर तो कमरेच्या उंचीला हातात धरला की धुक्याचा पडदा बराच विरतो. शिवाय उजेड खालून, तिरका पडल्यामुळे दगडांच्या सावल्या पडतात आणि खड्डा किती खोल आहे ते कळतं. कपाळावरच्या उजेडात सगळं सपाट भासतं. पण कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत, तिथे दोन्ही हात मोकळे हवेत. तेव्हा मी पट्टा गळ्यात घालून दिवा छातीवर घेते. म्हणून सेलचा डबा डोक्यामागे आणि मध्ये वायर, अशी रचना तुम्ही टाळा. सगळं पुढेच असलेला, आटोपशीर आणि चांगला खालपर्यंत वाकणारा दिवा घ्या. दुकानात तो गळ्यात अडकवून पाहा. उजेड पायांपुढच्या दोन-तीन पावलांवर पडला पाहिजे.

झोत पसरट हवा. पुढचा भाग मागे-पुढे सरकवून झोत बारीक करायचे दिवे मिळतात, त्यांच्या उजेडाचं कडेला एकदम कापलेलं वर्तुळ पडतं. वर्तुळाबाहेर काळोख, त्यामुळे पायरीची कड चुकते. लांबचा झोत वाट शोधायला लागतो, पण थोडाच वेळ. दोन्ही वेगवेगळे लावता येत असतील तर उत्तम.

लुमेनचं म्हणाल तर चालायला १०० ते १५० पुरे, आणि वाट चुकल्यासारखी वाटली तर ३०० पर्यंतची सोय असावी. स्वस्त दिव्यांच्या डब्यावर हजारोंचे आकडे असतात, ते साध्या हिशोबात बसत नाहीत. सगळी तूट धरून एका वॅटमागे साधारण १०० लुमेन मिळतात असं धरा. १५० लुमेनला दीड वॅट लागले. १८६५० नावाचा जाडसर लिथियम सेल ३,००० एमएएचचा असेल तर त्यात जवळजवळ ११ वॅट-तास असतात, म्हणजे सात तास उजेड. रिमोटमध्ये असतात तसे तीन बारीक चार्जेबल सेल (८०० एमएएचचे) मिळून तीनच वॅट-तास देतात, म्हणजे दोन तास. बारीतून वर जायला तीन-चार तास लागतात, हे लक्षात घेऊन निवडा.

डब्यावरच्या तासांवरही जाऊ नका. रूढ मोजणीत उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. त्यामुळे ‘२०० लुमेन, ४० तास’ यातले बरेच तास मिणमिणतेच असू शकतात. घरी पूर्ण चार्ज करून मधल्या उजेडावर लावून ठेवा आणि दर अर्ध्या तासाने त्याच भिंतीवर पाहा. कधी मंदावतो ते स्वतः कळेल.

सेल काढता येणारा, चार्जिंगचा दिवा मला सगळ्यात बरा वाटतो. एक जास्तीचा भरलेला सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवायचा. सेल आतच बसवलेला असेल तर दुसरा छोटा टॉर्च घ्याच. पॉवर बँकेची वायर लावायची तर चार्जिंगचं भोक भर पावसात उघडं राहणार.

पावसासाठी डब्यावर आयपीएक्स-४ लिहिलेलं असतं, म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून बचाव. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. नुसत्या पावसाला चार पुरतो, पण दिवा छातीवर चिंब होणार, वर तुम्ही ओल्या हाताने सेल बदलणार, म्हणून मी सात घेईन. घेतल्यावर एक चाचणी करा : सेल काढून त्या जागी टिश्यूचा कोरडा तुकडा ठेवा, झाकण आणि चार्जिंगचं रबरी बूच नीट दाबा, आणि शॉवरखाली दिवा फिरवत दहा मिनिटं धरा. बाहेरून पुसून मग उघडा. टिश्यू कुठे ओला झाला त्यावरून पाणी कुठून शिरतं ते दिसतं. ओला निघाला तर परत करा. आणि ट्रेकहून आल्यावर काचेच्या आत वाफ दिसली तर झाकण उघडून एक दिवस वाळवा, तोवर चार्जिंगला लावू नका.