रिपोर्टवर ‘नॉर्मल’ आहे म्हणून लगेच ऑइल लांबवू नका

प्रश्न: “सहा पिकअप आहेत, बीएस-६. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातून शहरात कापडाची डिलिव्हरी. १०,००० किमीला ऑइल बदलतोय. एका गाडीचं ऑइल तपासून घेतलं, रिपोर्ट ‘नॉर्मल’, व्हिस्कॉसिटी १४.१. आता सगळ्यांना सरळ १५,००० करू का?”

भावा, सरळ १५,००० नको. तुमचा आकडा वाचून माझी एक गाडी आठवली. तिचीही व्हिस्कॉसिटी, म्हणजे ऑइलचा घट्टपणा, अशीच देखणी होती.

१५डब्ल्यू-४० ऑइल १०० अंशांना १२.५ ते १६.३ च्या आत असलं की ग्रेडमध्ये बसतं, म्हणून १४ बघून माणूस निवांत होतो. पण डिझेल ऑइलमध्ये उतरलं की ते पातळ होतं, आणि काजळी वाढली की घट्ट होतं. दोन्ही एकदम झालं तर आकडा मधेच राहतो. ऑइल दोन्हीकडून बिघडलेलं असतं, आणि कागदावर मात्र चांगलं दिसतं.

धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असलेल्या गाडीत हे जास्त होतं. फिल्टरमधली काजळी जाळायला बऱ्याच इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात. त्यातलं थोडं भिंतीवरून खाली ऑइलमध्ये जातं. गांधीनगर–लक्ष्मीपुरी–राजारामपुरी अशी दर पाच मिनिटांनी बंद-चालू गाडी असली, की जाळणं अर्धवट राहतं आणि पुन्हा पुन्हा सुरू होतं. डिझेल पेट्रोलसारखं पटकन उडूनही जात नाही.

आमच्या त्या गाडीची डिपस्टिक वरच्या खुणेच्या वर गेली होती. ड्रायव्हर खुशीत सांगायचा, “मालक, ही गाडी ऑइल खात नाही, उलट भरतीय.” काडी नाकाशी धरली तर डिझेलचा वास. लॅबच्या रिपोर्टात मात्र इंधनापुढे ‘नगण्य’ आणि खाली ‘नॉर्मल’चा शिक्का. फोन केला तर एकाने दुसऱ्याकडे दिला, दुसरा म्हणाला, “नॉर्मल आहे ना, मग अडचण काय?” बरेच फोन झाल्यावर कळलं की त्यांनी इंधन मोजलंच नव्हतं, व्हिस्कॉसिटी घसरलेली नाही यावरून अंदाज छापला होता. उरलेलं ऑइल दुसरीकडे गॅस क्रोमॅटोग्राफीवर दिलं, इंधन ५ टक्क्यांच्या वर निघालं. तोवर बेअरिंग गेलं होतं आणि क्रँक ग्राइंडिंगला. नाव घेत नाही, पण त्या शिक्क्याचा राग अजून आहे.

म्हणून नमुना देण्याआधीच विचारा: इंधन कसं मोजता? अंदाज असेल तर दुसरी लॅब बघा, निदान फ्लॅश पॉइंट, म्हणजे ऑइलची वाफ पेट घेते ते तापमान, तरी मागा. तो नव्या ऑइलपेक्षा बराच खाली आला की इंधनाचा संशय धरायचा. साधारण २ टक्क्यांवर मी सावध होतो, ४-५ ला ऑइल काढतो, किमी कितीही झालेले असोत. काजळीचा आकडाही शेजारी हवाच. आणि न वापरलेल्या ऑइलचा एक नमुना द्या, नाहीतर घसरण मोजायची कशावरून?

लांबवायचंच असेल तर १०,००० ला ऑइल न काढता, गरम इंजिनातून डिपस्टिकच्या नळीने हातपंपाने नमुना घ्या. रिपोर्ट ठीक असेल तर २,००० पुढे जा, पुन्हा नमुना. इंजिन झिजून ऑइलमध्ये उतरलेल्या लोखंडाचा नुसता आकडा बघू नका, वाढीचा वेग बघा. समजा १०,००० ला ३२ पीपीएम, १२,००० ला ३९, १४,००० ला ६१. पहिल्या टप्प्यात ७ वाढले, दुसऱ्यात २२. म्हणजे या गाडीची मर्यादा १२,०००. मधे ऑइल टॉप-अप केलं असेल तर बाटलीवर लिहा. पाच लिटरच्या इंजिनात अर्धा लिटर नवं पडलं की सगळे आकडे दहाएक टक्क्यांनी खोटे चांगले दिसतात. टीबीएन, म्हणजे ऑइलची आम्ल मारायची ताकद सांगणारा आकडा, तोही बघा, नव्याच्या निम्म्यावर आला की मी थांबतो.

एका गाडीचा रिपोर्ट सहाही गाड्यांना लावू नका. इचलकरंजीला एका दमात जाणारी आणि गल्लीबोळात फिरणारी यांचं ऑइल वेगळं म्हातारं होतं. प्रत्येक प्रकारच्या रूटची एक गाडी निवडा. लहान इंजिनात चाचणीचा खर्च वाचलेल्या ऑइलला खाऊन टाकू शकतो, तो हिशेब आधी करा. माझं मत: शहरातल्या गाड्या १०,००० वरच ठेवा, लांब पळणाऱ्यांवरच प्रयोग करा. वॉरंटीतल्या गाडीला कंपनीच्या अंतरापलीकडे नेऊ नका, तिथे रिपोर्टचा कागद कामी येईल याची खात्री नाही. शिवाय ही चाचणी बारीक कणच पकडते, मोठा तुकडा सुटला तर तिला दिसत नाही.

जाता जाता, शिरोलीत फाउंड्रीकडे जाणारी गाडी असेल तर सिलिकॉन बघा. सिलिकॉन, लोखंड आणि अॅल्युमिनियम तिन्ही एकत्र वाढले तर धूळ आत जातेय. एअर फिल्टर आणि पाइपचे क्लॅम्प तपासा. आणि तो फिल्टर कंप्रेसरच्या हवेने झोडपून पुन्हा बसवणाऱ्या पोराला आधी आवरा.