जाग आणणारे अंथरूण

प्रिय विद्यार्थ्यास, अनेक आशीर्वाद.

रात्री ११ वाजता अंथरुणावर पडतोस, झोप येत नाही म्हणून मोबाइल हाती घेतोस आणि दीड वाजेपर्यंत रील्स पाहत राहतोस, असे तू लिहिलेस. पण खुर्चीत वाचताना डोळे मिटू लागतात आणि पलंगावर पडताच तरतरी येते, हे तुझे वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटले. रोज दोन-अडीच तास पलंगावर जागे राहिल्याने उशी आणि पांघरूण हीच तुझ्या मेंदूला जागे राहण्याची खूण झाली आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडलेली 'स्टिम्युलस कंट्रोल' ही उपचारपद्धती नेमकी हीच सांगड तोडते.

आजपासून ११ वाजले म्हणून पलंगावर जाऊ नकोस. नुसता थकवा म्हणजे झोप नव्हे. पापण्या जड होणे, एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली जाणे, मान कलणे ही झोपेची लक्षणे आहेत आणि ती दिसेपर्यंत खुर्चीतच बस. समज, साडेबाराला तू आडवा झालास आणि अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही किंवा त्याआधीच चिडचिड सुरू झाली, तर उठून पुन्हा खुर्चीत जा. घड्याळ पाहू नकोस, कारण वेळ मोजण्यानेही जाग वाढते. मंद दिव्यात एखादे संथ पुस्तक वाच आणि पेंग आली की परत ये. एका रात्रीत असे तीन-चार वेळा करावे लागले तरी चालेल. वसतिगृहाच्या खोलीत खुर्ची नसेल तर जमिनीवर चटई अंथरून भिंतीला टेकून बसलास तरी पुरे, फक्त ती जागा पलंगाहून वेगळी हवी.

बहुतेकांचा उपाय फसतो तो इथेच, कारण ते पलंगावरून उठतात खरे, पण मोबाइल घेऊन खुर्चीत बसतात, आणि ज्याला शेवटच नाही असे काही पाहताना पेंग आली तरी ती जाणवत नाही. म्हणून चार्जर खोलीच्या दुसऱ्या टोकाला लाव आणि गजरासाठी साधे घड्याळ आणून त्याची तबकडी भिंतीकडे वळवून ठेव.

सकाळी साडेसहाला मात्र रविवारीही उठायचेच, आणि दुपारी आडवे व्हायचे नाही. रात्रीची तूट शिल्लक राहिली तरच पुढच्या रात्री झोपेची ओढ वाढते. पहिला आठवडा जड जाईल, कदाचित आधीपेक्षाही कमी झोप मिळेल आणि उपाय उलटला असे वाटेल. त्या दिवसांत दुचाकी चालवू नकोस, हे मी फार कळकळीने सांगतो. फरक साधारण दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतो. पाठ टेकल्यापासून झोप लागेपर्यंतचा वेळ कमी होतो आणि उठून बसण्याच्या खेपाही घटतात.

तुला फिट्स येत असतील किंवा बायपोलर आजार असेल, तर झोप तुटल्याने तो बळावू शकतो; तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीच सुरू करू नकोस. जोरात घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे असेल तर त्याची तपासणी आधी करून घे.

तुझा हितचिंतक