डेव्हलपरचा प्रॉडक्ट मॅनेजर होताना: कोर्सआधी जाहिराती वाचा

प्रश्न: सहा वर्षं बॅकएंडवर आहे, पुण्यातल्या एका फिनटेकमध्ये. प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचंय. एमबीए करू, एखादा सर्टिफिकेट कोर्स करू, की कंपनीतच प्रयत्न करू?

कंपनीतच. मी स्वतः डेव्हलपमेंटमधून असाच इकडे आलो आणि आता पीएमच्या मुलाखती घेतो. बाहेरच्या बहुतेक जाहिरातींमध्ये पीएमचाच काही वर्षांचा अनुभव मागतात, त्यामुळे तुमचा रेझ्युमे पहिल्या चाळणीतच अडकतो. कंपनीत मात्र तुम्हाला पेमेंटची सिस्टीम कळते हे लोकांना आधीच माहीत असतं, म्हणून ती अट बरीच सैल होते. असोसिएट पीएमचे कार्यक्रम बहुतेक करून नव्या पदवीधरांसाठी असतात. सहा वर्षांनंतर त्यांच्या मागे लागू नका.

तरीही बाहेरच्या जाहिराती वाचाच, अर्ज करायला नाही तर काम ओळखायला. लिंक्डइन आणि नोकरी डॉट कॉमवरच्या फिनटेकमधल्या वीस-पंचवीस जेडी, म्हणजे कामाची वर्णनं, एका शीटमध्ये उतरवा. ‘पॅशनेट’, ‘डायनॅमिक’ वगैरे सोडून द्या, क्रियापदं बघा. बॅकलॉग सांभाळणं, युझर स्टोरी लिहिणं, स्प्रिंटच्या मीटिंगा चालवणं एवढंच असेल, तर नाव पीएमचं असलं तरी काम प्रॉडक्ट ओनरचं आहे. परदेशी कंपन्यांच्या पुण्यातल्या सेंटरमध्ये हे पुष्कळ दिसतं: काय बनवायचं ते तिकडे ठरतं, इकडे फक्त पोचतं. ग्राहकांशी बोलणं, रोडमॅप ठरवणं, एखाद्या आकड्याची जबाबदारी घेणं असेल, तर ते खरं पीएमचं काम. तुमच्यासारख्यांनी एपीआय, सेटलमेंट, रिकन्सिलिएशन असल्या प्लॅटफॉर्मच्या जागांवर खूण करावी. तिथे तांत्रिक समज नुसती चालते असं नाही, ती मागतातच.

मग शीटमध्ये वारंवार आलेलं एखादं काम आजच्या टीममध्येच करून दाखवा. आमच्याकडची एक डेव्हलपर रिफंडच्या सर्व्हिसवर होती. ‘रिफंड आला नाही’ अशी तिकिटं सपोर्टकडे सारखी यायची, आणि टीमचं उत्तर ठरलेलं: रिट्राय सुधारू. तिने सपोर्टवाल्यांशेजारी बसून ती तिकिटं वाचून काढली. बहुतेक रिफंड आमच्याकडून वेळेत निघालेले होते. कार्डाचा रिफंड खात्यात दिसायला पाच ते सात कामाचे दिवस लागू शकतात, आणि तेवढ्या काळात ग्राहक दुकानदाराला आणि दुकानदार आम्हाला विचारत राहायचा. बँकेला असा रिफंड शोधायला एआरएन हा संदर्भ क्रमांक लागतो, यूपीआयचा असेल तर आरआरएन. दोन्ही आमच्या डेटाबेसमध्ये पडून होते, दुकानदाराच्या डॅशबोर्डवर मात्र नव्हते.

तिने एका पानात लिहिलं: त्रास कुणाला आहे, नंबर कुठे दाखवायचा, सोबत ‘हा नंबर तुमच्या बँकेला द्या’ ही ओळ का हवी, आणि यश कशाने मोजायचं. तिकिटांची नुसती संख्या मोजली असती तर धंदा मंदावल्यावरही ती घटली असती, म्हणून तिने दर हजार रिफंडमागे किती तिकिटं हे माप धरलं. रिट्रायचं काम पुढे ढकलायचं, हेही त्याच पानात होतं. मुलाखतीत मी नेमकं हेच शोधतो: काय करायचं नाही ते ठरवलं का, आणि कशाच्या आधारावर.

आता आयजेपी, म्हणजे कंपनीतल्या जागा आतल्याच लोकांसाठी जाहीर होतात ते. एचआर पोर्टलवरची पॉलिसी अर्जाच्या आधी नीट वाचा. सध्याच्या रोलमध्ये साधारण वर्ष-दीड वर्ष पूर्ण, ठीकठाक रेटिंग, या अटी बहुतेक ठिकाणी असतात. मॅनेजरला कधी कळवतात ते मात्र कंपनीगणिक बदलतं: कुठे अर्ज करतानाच मेल जातो, कुठे निवड झाल्यावर. मेल आपोआप जाणार असेल तर त्याआधी तुम्हीच सांगा. पोर्टलवरून कळलं की मॅनेजर दुखावतो, आणि तुम्हाला टीममधून कधी सोडायचं ती तारीख त्याच्याच हातात असते.

जागा पोर्टलवर येते तेव्हा पुष्कळदा माणूस मनात ठरलेला असतो. अटी विचित्रपणे नेमक्या आणि मुदत चार दिवसांची असेल तर तसंच समजा. म्हणून त्या टीमच्या प्रॉडक्ट हेडला जागा निघायच्या आधीच भेटा, ते एक पान दाखवा आणि पुढच्या तिमाहीत माणूस लागणार आहे का ते सरळ विचारा.

‘आधी थोडं पीएमचं काम करून बघ, मग बघू’ असं उत्तर येईल. घ्या, पण किती वेळ त्यासाठी मोकळा मिळणार, कोणत्या तारखेला निर्णय आणि तो कोण घेणार, हे मेलवर मागा. नाहीतर दिवसा कोड, रात्री पीआरडी असं वर्षभर चालतं आणि अप्रेझल मात्र कोडवरच होतं. लेव्हलही तेव्हाच विचारा. पगार सहसा तोच राहतो, पण सीनियर इंजिनिअरला कधीकधी असोसिएट पीएम म्हणून घेतात. बदली वर्षाच्या मध्यात झाली तर रेटिंग जुना मॅनेजर देणार की नवा, हेही विचारून ठेवा.

तुमच्या ऑफिसात प्रॉडक्टचे निर्णय घेणारं कुणी बसतच नसेल, तर आतली बदली कागदावरच राहील. मग पीएम आणि डेव्हलपर एकाच मजल्यावर बसतात अशा पेमेंट कंपनीत आधी डेव्हलपर म्हणूनच जा, आणि तिथल्या आयजेपीची अट किती महिन्यांची आहे ते ऑफर घेण्यापूर्वी एचआरला विचारा.