विटांऐवजी एएसी ब्लॉक: प्रपोजलमध्ये खरी बचत किती?

प्रश्न: बेळगावकडच्या खानापूरजवळ जी+३ इमारतीच्या साइटवर मला व्हॅल्यू इंजिनिअरिंग प्रपोजल करायला सांगितलंय. विटांऐवजी एएसी ब्लॉक सुचवायचे आहेत. खर्च, टिकाऊपणा आणि प्रोग्राम या तीन रकान्यांत काय लिहू?

उत्तर:

फुटिंग आणि खालचे कॉलम झाले असतील तर भिंती हलक्या म्हणून स्टील वाचेल ही ओळ आधी खोडा. बाकीचं नंतर बघू.

हे एवढं ठासून सांगतोय, कारण खानापूरच्याच बाजूला एका हॉस्टेलच्या कामावर मी प्लॅनिंग बघत होतो आणि आमच्या प्रोजेक्ट मॅनेजर साहेबांनी नेमकी हीच ओळ सगळ्यांत वर, ठळक करून घातली होती. वजनाचा हिशेब खोटा नव्हता. २३० मिमी विटेची भिंत दोन्ही बाजूंच्या प्लास्टरसकट चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास भरते. २०० मिमी एएसीची भिंत ओल धरूनही १९० किलोवर थांबते. पण त्या दिवशी फुटिंग भरून झाली होती, पहिल्या स्लॅबचं सेंट्रिंग लागलं होतं. जमिनीत गेलेली सळई कोण परत काढणार? उरल्या फक्त वरच्या मजल्यांच्या बीम. त्या पुन्हा डिझाइन करायच्या तर कन्सल्टंटची फी आणि ड्रॉइंग येईपर्यंतचा खोळंबा. क्लायंटच्या कन्सल्टंटनं पहिल्याच मीटिंगमध्ये ती ओळ उडवली आणि मग बाकीच्या आकड्यांकडेही संशयानं बघायला लागला. मी आदल्या दिवशी हेच सांगितलं होतं. "तू शेड्यूल बघ" असं उत्तर मिळालं.

आता दर. ब्लॉकचा आणि विटेचा घनमीटरचा दर शेजारी शेजारी मांडू नका, कारण भिंतींची जाडी वेगळी आहे. तयार भिंतीच्या चौरस मीटरवर या. आमच्या त्या वेळच्या साइटपोच दरांनी विटेच्या भिंतीला ११५ विटांचे ८०५ रुपये, एकास सहा मसाल्याचे २३० आणि गवंड्याचे २३० असे १२६५ रुपये पडत होते. एएसीला ब्लॉकचे ७८०, ॲडेसिव्हचे ७५ आणि मजुरीचे १७० असे १०२५. फरक २४० रुपये. साहेबांची शीट इथंच संपली होती.

पण एएसीची भिंत एवढ्यावर उभी राहत नाही. सिल आणि लिंटेलच्या पातळीला आरसीसी पट्टी लागते. जिथं ब्लॉक कॉलमला किंवा बीमला भिडतो तिथं प्लास्टरखाली जाळी लागते. या दोन्हीचे चौरस मीटरला १३० रुपये धरले की २४० चे ११० उरतात. म्हणजे बचत सुमारे नऊ टक्के. ब्लॉकचा पृष्ठभाग सपाट असल्यानं प्लास्टर पातळ लागतं, त्याचे थोडे पैसे वरून मिळतात, पण ते वेगळ्या ओळीत दाखवा. नऊ टक्के काही वाईट नाहीत. तपासणाऱ्यानं शीट उलटीपालटी केली तरी टिकणारा आकडा आहे तो.

टिकाऊपणावर माझं आणि साहेबांचं खरं वाजलं. मी दोन पर्याय केले होते. पहिल्यात सगळ्या भिंती एएसीच्या. दुसऱ्यात आतल्या पार्टिशन एएसीच्या, आणि बाहेरच्या भिंती, निदान पश्चिमेकडची तरी, विटेची किंवा जांभ्या चिऱ्याची. खानापूरकडचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. एएसी पाण्यात विरघळत नाही, पण पाणी धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. दुसऱ्या पर्यायात बचत कमी दिसते म्हणून साहेबांनी ते पानच काढून टाकलं.

मग व्हायचं ते झालं. ब्लॉक आले जूनमध्ये. खाली फळी नाही, वर ताडपत्री नाही, मातीवरच थप्पी. आमचा गोकाककडचा मिस्त्री एक ब्लॉक हातात तोलून म्हणाला, "हे पाणी पिऊन बसलंय ओ साहेब, आता लावू नका." कोरडा ६००×२००×२०० चा ब्लॉक १५ किलोच्या आसपास असतो, हा दोन्ही हातांनी उचलताना जड लागत होता. तरी लावले, आणि भिंत सुकायच्या आत वर एकास चारचं प्लास्टर चढवलं. ओला ब्लॉक सुकताना आकसतो, आणि प्लास्टर ब्लॉकपेक्षा कडक असलं की ते त्याच्याबरोबर सरकत नाही, फाटतं. पश्चिमेच्या भिंतीवर केसाएवढ्या भेगांचं जाळं उठलं आणि पुढच्या पावसात खिडक्यांखाली आतून ओल आली.

साहेब आजही सगळ्यांना सांगतात की एएसी आपल्याकडं चालत नाही. पण भेग कशी आहे त्यावरून कारण कळतं. कॉलमच्या कडेनं सरळ उभी भेग असेल तर जाळी नाही किंवा सांधा नीट भरलेला नाही. बीमखाली आडवी भेग असेल तर वरचा थर घाईनं घट्ट बसवलाय, बीम वाकायला जागाच ठेवली नाही. जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर ओला ब्लॉक आणि कडक प्लास्टर. त्या भिंतीवर हे तिसरंच होतं. दोष ब्लॉकचा नव्हता.

प्रोग्राममध्ये "बांधकाम दीडपट वेगानं" एवढंच लिहून सोडू नका. ब्लॉक मोठा आहे, ॲडेसिव्हला पाणी मारत बसावं लागत नाही, त्यामुळं गवंडी भराभर वर जातो हे खरंच. पण फ्रेमच्या इमारतीत काम अडतं ते स्लॅबवर. बीमखालचे टेकू, स्पॅन सहा मीटरपर्यंत असला तरी, आयएस ४५६ प्रमाणे १४ दिवस काढता येत नाहीत, आणि ते निघाल्याशिवाय खाली भिंत सुरू होत नाही. खालच्या मजल्यांवर वाचलेले दिवस नुसते फ्लोटमध्ये पडून राहतात. खरा फायदा शेवटच्या मजल्यावर. त्यातूनही प्लास्टरआधी भिंत सुकू द्यायचे दिवस वजा करा. आमच्या कामात मी हिशेब केला तेव्हा हँडओव्हर जेमतेम आठवडाभर अलीकडं येत होता. साहेबांनी दीड महिना लिहिला होता.

माझे दर जुने आहेत, तुमचे गेटपोच दर घालून बेरीज पुन्हा करा. बाहेरही एएसीच हवं असा आग्रह असेल तर चालेल, पण दोन कोटांचं वॉटरप्रूफ प्लास्टर, छज्जे आणि छज्ज्याखालची पाणी तोडणारी पट्टी यांचा खर्च त्याच शीटमध्ये धरा. आमच्याकडं तो धरल्यावर बाहेरच्या भिंतींत जवळपास काही उरत नव्हतं. प्लिंथखाली एएसी नकोच. अथणीसारख्या कोरड्या भागात साइट असती तर बाहेरच्या भिंतींबद्दल मी एवढा अडून बसलो नसतो. चिरा घेणार असाल तर खाणीतून ताजा काढलेला मऊ असतो, हवेत ठेवून कडक होऊ द्यायला वेळ धरा.

आणि कॉन्ट्रॅक्ट फिडिक १९९९ च्या धर्तीवर असेल तर कलम १३.२ वाचा. प्रपोजल तयार करायचा खर्च तुमच्या कंपनीचा. त्यातून कायमच्या कामाचं डिझाइन बदलत असेल तर, वेगळं ठरलेलं नसल्यास, त्या भागाचं डिझाइनही तुमच्याच गळ्यात येतं. बीम पुन्हा डिझाइन करू असं लिहिण्याआधी हे तुमच्या साहेबांना लेखी कळवा, आणि दोन पर्याय केलेत तर दोन्ही पानं क्लायंटपर्यंत जातील हे स्वतः बघा.